सांगली बँक, युनायटेड वेस्टर्न आणि 'सरकारी की खासगी?'

'पोरगा बँकेत लागला' म्हटलं की पूर्वी आमच्या सांगलीत बँक सरकारी की खासगी, असं फारसं कुणी विचारत नसे. सांगली बँक 1916 ची, साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न 1936 ची, आणि दोन्ही खासगी. 1969 साली 50 कोटींहून जास्त ठेवी असलेल्या 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यात या छोट्या बँका आल्या नाहीत. तरी अशा जुन्या खासगी बँकांत पगार बहुधा संघटनांशी होणाऱ्या द्विपक्षीय करारानेच ठरे. शाखाही आसपासच्याच, त्यामुळे बदली झाली तरी घर फार लांब पडत नसे.

आज आपण ज्याला 'खासगी बँक' म्हणतो ती 1993 नंतरची. रिझर्व्ह बँकेने नव्या बँकांना दार उघडलं आणि त्यांनी करार बाजूला ठेवून माणसागणिक पगार ठरवला. मग 2006 च्या ऑक्टोबरमध्ये युनायटेड वेस्टर्न आयडीबीआयमध्ये गेली, एप्रिल 2007 मध्ये सांगली बँक आयसीआयसीआयमध्ये. म्हणजे सातारकर सरकारी झाले, सांगलीकर नव्या खासगीत गेले. गंमत अशी, की एलआयसीने 51 टक्के हिस्सा घेतल्यावर जानेवारी 2019 पासून आयडीबीआयही रिझर्व्ह बँकेच्या लेखी खासगी झाली. खुर्ची तीच, पाटी दुसऱ्यांदा बदलली!

म्हणून पाटीपेक्षा नियम बघावेत. सरकारी बँकेत स्केल वन अधिकाऱ्याचं बेसिक 12 व्या करारानुसार 48,480 पासून सुरू होतं आणि पहिली सात वर्षं दरवर्षी 2,000 ने वाढतं. डीए, घरभाडं वेगळं. म्हणजे तीन वर्षांनी बेसिक 54,480. काम कसंही असो. स्केल टू 64,820 पासून सुरू होतं, पण तिथे जायला ठरावीक सेवा, रिक्त जागा, परीक्षा किंवा मुलाखत लागते. आणि प्रमोशनबरोबर बदली येते, कधी थेट दुसऱ्या राज्यात. आई-वडील मिरजेत एकटे म्हणून प्रमोशनचा फॉर्मच न भरणारे अधिकारी मी पाहिलेत. क्लार्कची भरती राज्यनिहाय असते, त्यामुळे त्याला ही धास्ती कमी.

खासगीत बढतीला सेवेची अट अशी नडत नाही. वर्षाचं रेटिंग चांगलं पडलं तर पद लवकर वाढतं, नाहीतर माणूस समोरच्या बँकेत उडी मारून पगार वाढवून घेतो. पण रेटिंग म्हणजेच टार्गेट: बचत-चालू खाती, विमा, कर्ज. विम्याची टार्गेटं सरकारी शाखेतही आहेत. फरक इतकाच, की तिथे आकडा हुकला तर रिजनल ऑफिसची बोलणी खावी लागतात, इथे व्हेरिएबल पगार कापला जातो. ऑफर लेटरमधल्या सीटीसीत हे व्हेरिएबल आणि बँकेच्या वाट्याचा पीएफही धरलेला असतो. ते वजा करून बाराने भागा, मग त्या 48,480 च्या शेजारी ठेवा. आणि तेव्हाही त्या बेसिकवर डीए चढायचा बाकी आहे, हे विसरू नका.