पीएलसीचं आउटपुट: रिले की ट्रान्झिस्टर

पीएलसी म्हणजे मशीन चालवणारा कंट्रोलर. त्याच्या आउटपुट मॉड्यूलमध्ये प्रत्येक पॉइंटला बहुतेक वेळा एकतर छोटा रिले असतो नाहीतर ट्रान्झिस्टर. रिलेचा कॉन्टॅक्ट खरोखरच उघडतो-मिटतो, त्यामुळे एसी-डीसी दोन्ही चालतं आणि साधारण 2 अँपिअरपर्यंत लोड घेतो. ट्रान्झिस्टरला फक्त डीसी, बहुतेक वेळा 24 व्होल्ट आणि पॉइंटमागे अर्धा अँपिअर, पण आत हलणारं काहीच नाही म्हणून झिजायचा प्रश्नच नाही.

रिलेचं आयुष्य दोन प्रकारे सांगतात. लोड नसताना नुसतं टकटक करत राहिला तर कोटभर वेळा, आणि पूर्ण लोडवर साधारण लाखभर. लोक पहिला आकडा वाचून खूश होतात, खरा उपयोगी दुसरा, आणि तोही रेझिस्टिव्ह लोडचा, म्हणजे हीटरसारख्या.

समजा पॅकिंग मशीनवर 24 व्होल्ट डीसीचा 10 वॅटचा सोलेनॉइड व्हॉल्व आहे, म्हणजे करंट जेमतेम 0.42 अँपिअर. दर 4 सेकंदाला एकदा चालतो, तासाला 900, दोन शिफ्टच्या 16 तासांत 14,400. या लोडला कॉन्टॅक्ट 5 लाख वेळा टिकेल असं जरी धरलं तरी 35 दिवसांत खेळ खल्लास! इथे सरळ ट्रान्झिस्टरच घ्यायचा.

करंट एवढा कमी असून रिलेचा कॉन्टॅक्ट का जळतो, तर व्हॉल्वच्या कॉइलमुळे. कॉन्टॅक्ट उघडला तरी कॉइल करंट एकदम थांबू देत नाही, तिचं व्होल्टेज उसळून शेकडो व्होल्टवर जातं आणि उघडणाऱ्या फटीत आर्क पेटतो. एसीत करंट दर अर्ध्या सायकलला शून्यावर येतो म्हणून आर्क विझतो तरी, डीसीत ती सोय नाही. मग कॉन्टॅक्टवर खड्डे पडतात, काजळी धरते, कधी तो चिकटूनच बसतो. मॉड्यूलवरचा एलईडी बंद पण व्हॉल्व चालूच, तर कॉन्टॅक्ट चिकटलाय. एलईडी चालू पण व्हॉल्व गप्प, तर मिटलेल्या कॉन्टॅक्टवर मीटर लावा, शून्याच्या जवळ यायला हवं, व्होल्टेज दिसलं तर कॉन्टॅक्ट गेला. एलईडी फक्त हुकूम दाखवतो, कॉन्टॅक्टची हालत नाही.

डीसीवर उपाय सोपा, कॉइलला समांतर 1N4007 डायोड, पट्टीची बाजू प्लसला, आणि पॅनेलमध्ये नाही तर शक्यतो व्हॉल्वजवळच. उलटा लावला तर आउटपुट चालू होताच शॉर्ट, ट्रान्झिस्टर असेल तर तो जाऊ शकतो. डायोडची एक किंमतही आहे, करंट कॉइलमध्येच फिरत हळूहळू ओसरतो म्हणून व्हॉल्व उशिरा सुटतो. टायमिंग घट्ट असेल तर डायोडसोबत उलट दिशेने सिरीजमध्ये झेनर टाकतात, मग सुटणं लवकर होतं.

एसी कॉइलवर डायोड चालत नाही, तिथे आरसी स्नबर, म्हणजे रेझिस्टर आणि कपॅसिटरची जोडी, किंवा उसळलेलं व्होल्टेज दाबणारा एमओव्ही. स्नबर कॉन्टॅक्टवरच लावला तर गंमत होते, 0.1 मायक्रोफॅरडमधून 230 व्होल्टला 7 मिलिअँपिअर झिरपत राहतात आणि पुढे लोड म्हणून जोडलेला छोटा रिले बंद व्हायलाच तयार होत नाही. म्हणून तोही कॉइलवरच बरा.

ट्रान्झिस्टर आउटपुटवरून 230 व्होल्टचा कॉन्टॅक्टर चालवायचा असेल तर मधे सॉकेटवाला रिले टाकतात. झिजला तर तेवढाच उपटून नवा बसवायचा, मॉड्यूलला हात लावायची गरज नाही.