सिनिअरला लिंक्डइनवर मेसेज टाकण्याआधी हे वाचा (आमच्या ग्राहकांसाठी)

आमच्याकडून रेझ्युमे आणि लिंक्डइन प्रोफाइल करून घेतलं की पुढची मागणी ठरलेली असते, "आता कॉलेजच्या सिनिअर लोकांना पाठवायला एक छान मेसेज पण लिहून द्या ना, तोच सगळ्यांना टाकतो." तसा मेसेज आम्ही देत नाही. काहींना ते खटकतं, पैसे घेतलेत तर चार ओळी लिहायला काय हरकत आहे असं वाटतं, म्हणून आमचं म्हणणं एकदा नीट लिहून ठेवतोय.

चार ओळी लिहायला खरंच वेळ लागत नाही. पण जो मेसेज तीस जणांना जसाच्या तसा चालतो, तो तसा आहे हे वाचणाऱ्याला पहिल्याच ओळीत कळतं. "तुमचा प्रवास प्रेरणादायी आहे, तुमचं मार्गदर्शन मिळालं तर आभारी राहीन" हे त्याला आधीही कितीतरी जणांनी पाठवलेलं असतं. मग ग्राहक महिनाभराने परत येतात, कोणीच उत्तर देत नाही म्हणतात, आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून बसतो. तोपर्यंत कामाची पाच-दहा माणसं वाया गेलेली असतात, कारण एकदा दुर्लक्ष झालं की त्याच माणसाला दुसऱ्यांदा नव्याने लिहिणं अवघड जातं.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक मात्र भाषेची नसते. सल्ला मागायचा आणि मनात रेफरल ठेवायचं, ही ती चूक. पहिल्या मेसेजमध्ये "फक्त थोडं मार्गदर्शन हवंय", समोरच्याने भला माणूस म्हणून हो म्हटलं की दुसऱ्या मेसेजमध्ये रेझ्युमेची फाइल आणि "तुमच्या कंपनीत काही असेल तर बघा". समोरच्याला इथे फसवल्यासारखं वाटतं. शिवाय त्याची एक खरी अडचण असते जी आपल्याला दिसत नाही. बऱ्याच कंपन्यांत रेफरल देताना या उमेदवाराला तुम्ही कसे ओळखता, त्याचं काम पाहिलंय का, असं विचारतात. दोन मेसेजच्या ओळखीवर तो काय लिहिणार? नाही म्हणायला त्याला जड जातं, म्हणून तो गप्प बसतो आणि आपल्याला वाटतं की लोक मदत करत नाहीत.

रेफरल मागणं वाईट आहे असं आमचं अजिबात म्हणणं नाही. एखादी जागा निघालीय, तुम्ही तिच्यात बसताय, तर सरळ लिहा की या जागेसाठी अर्ज करतोय, जागेची लिंक ही, माझ्या कामाची माहिती तीन ओळीत ही, योग्य वाटलं तर रेफर कराल का, नाही जमलं तरी काही हरकत नाही. तो स्वच्छ व्यवहार आहे आणि लोकांना तो समजतो. सल्ल्याच्या आडून मागितलं की मात्र सल्लाही जातो आणि रेफरलही जातं. त्यामुळे लिहायच्या आधी स्वतःला विचारा की या माणसाने मला नुसती माहिती दिली आणि पुढे काहीच केलं नाही तर मी खूश असेन का? उत्तर नाही असेल तर तो सल्ल्याचा मेसेज नाहीच.

आता एक उदाहरण पूर्ण सांगतो, आमच्याच एका ग्राहकाचं, ओळख पटेल असे तपशील बदललेत. मेकॅनिकल शिकलेली मुलगी, कारखान्यात क्वालिटी विभागात काम करत होती आणि तिला सप्लाय चेन प्लॅनिंगकडे जायचं होतं. तिचा पहिला ड्राफ्ट असा होता:

"आदरणीय सर, मी तुमच्याच कॉलेजची विद्यार्थिनी. तुमची प्रोफाइल पाहून खूप प्रभावित झाले. मला सप्लाय चेनमध्ये करिअर करायचं आहे. कृपया मार्गदर्शन करावे व काही संधी असल्यास कळवावे. रेझ्युमे सोबत जोडत आहे. 15 मिनिटं कॉलवर बोलू शकतो का?"

यात उद्धट असं काहीच नाही. पण समोरच्याने करायचं काय, ते पाहा. मार्गदर्शन कशाबद्दल द्यायचं हे त्यानेच ठरवायचं, रेझ्युमे उघडून वाचायचा, जागा शोधायच्या आणि वर वेळ काढून अनोळखी माणसाशी कॉलवर बोलायचं. एका मेसेजमध्ये चार कामं. बरं, तिने प्रोफाइल नीट वाचली होती याचा यात कुठेच पुरावा नाही.

आम्ही तिला परत त्या माणसाच्या प्रोफाइलवर पाठवलं आणि एवढंच सांगितलं की तुझ्या वाटेवरचं असं काय याने केलंय जे दुसऱ्या कोणाला विचारून कळणार नाही, ते शोध. ते तिथेच होतं. तोही आधी क्वालिटीतच होता आणि मग त्याच कंपनीत प्लॅनिंगमध्ये गेला होता, नोकरी न बदलता. हा प्रश्न विचारायला तो अगदी योग्य माणूस होता. मग कनेक्शन रिक्वेस्टसोबतची नोट अशी झाली:

"नमस्कार सर, मीही आपल्याच कॉलेजची, मेकॅनिकल. तुम्ही क्वालिटीतून प्लॅनिंगमध्ये गेलात, मला तेच करायचंय. त्या बदलाबद्दल एक प्रश्न विचारायचा आहे, चालेल का?"

नोट एवढीशीच का, तर फुकटच्या अकाउंटवर नोटला साधारण 200 अक्षरांचीच जागा मिळते आणि अशा नोट्स महिन्याला मोजक्याच पाठवता येतात. मराठीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं, त्यामुळे दिसायला छोटी वाटणारी नोटही पटकन भरते. वरची नोट दीडशेच्या आसपास जाते. नोट्स मोजक्या आहेत ही खरं तर चांगली गोष्ट आहे, कोणाला लिहायचं याचा आपोआप विचार होतो.

त्याने रिक्वेस्ट स्वीकारल्यावर तिने त्याच दिवशी प्रश्न पाठवला. हे महत्त्वाचं आहे, कारण आठवड्याने पाठवला तर तो तुम्हाला विसरलेला असतो. प्रश्न असा होता:

"धन्यवाद सर. मी दोन वर्षं क्वालिटीत आहे, सप्लायरकडून येणाऱ्या मालाचे रिजेक्शनचे आकडे मीच बघते. प्लॅनिंगकडे जायचं म्हणून डेटा ॲनालिटिक्सचा एक मोठा कोर्स करायचा विचार आहे. तुम्ही त्याच कंपनीत विभाग बदललात, तेव्हा टीमने तुमच्यात काय बघितलं, एखादं टूल येणं की आधीचं काम? सवडीने दोन ओळी लिहिल्या तरी मला कोर्सचं ठरवता येईल."

इथे तिने आधी स्वतःबद्दल ठोस सांगितलं, मग असा एकच प्रश्न विचारला ज्याचं उत्तर फोनवर उभ्या उभ्या टाइप करता येईल, आणि त्या उत्तरावर काय अडलंय तेही सांगितलं. शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात. आपल्या दोन ओळींनी कोणाचा तरी खर्चाचा निर्णय होणार आहे हे कळलं की माणूस लिहितो. कॉल, रेझ्युमे, जागा यातलं काहीच तिने मागितलं नाही.

त्याचं उत्तर आलं, दोन ओळींपेक्षा बरंच मोठं. त्याचा सारांश असा की मोठ्या कोर्सची आत्ता गरज नाही, एक्सेल पक्कं कर, एसक्यूएल कामापुरतं शिक, आणि रिजेक्शनमुळे किती वेळा उत्पादनाचं वेळापत्रक हललं हे स्वतःच्या आकड्यांतून काढून आपल्याच प्लॅनिंग टीमला दाखव. तिने ते केलं आणि महिन्याभराने त्याला कळवलं की हे केलं, हे निघालं, इथे अडले. बहुतेकांचा संवाद "थँक्यू सर" वर संपतो, आणि पुढचा मेसेज जातो तो पुन्हा काहीतरी हवं असतं तेव्हाच. मधला हा मेसेज, ज्यात मागणं काहीच नाही, फक्त तुमच्या सांगण्याचं काय झालं एवढंच आहे, तो नातं व्यवहाराचं होऊ देत नाही. त्या मेसेजनंतर कॉलवर बोलू असं तो स्वतःच म्हणाला.

माणूस निवडण्याबद्दल थोडं. कॉलेजच्या लिंक्डइन पेजवर Alumni असा टॅब असतो, तिथे कुठे काम करतात, काय काम करतात, काय शिकले, कोणत्या वर्षांत शिकले असं गाळून बघता येतं. ग्राहक सरळ सगळ्यात मोठ्या हुद्द्याच्या माणसाकडे जातात. आम्ही सांगतो की तुमच्यापेक्षा चार ते आठ वर्षं पुढे असलेला शोधा, त्याला ती वाट अजून आठवते आणि त्याची माहिती शिळी झालेली नसते. प्रोफाइलवरचं Activity बघा, वर्षभरात काहीच हालचाल नसेल तर तो लिंक्डइन उघडतच नसावा, तिथे नोट खर्च करू नका. आणि ओळखच नाही तर कशाला मदत करेल असं वाटत असेल तर 2022 साली सायन्स या नियतकालिकात छापून आलेला एक अभ्यास सांगतो. लिंक्डइनच्या सुमारे 2 कोटी वापरकर्त्यांच्या डेटावर तो केला होता, आणि नोकरी बदलताना अगदी घट्ट ओळखींपेक्षा थोड्या सैल ओळखींचा उपयोग जास्त होतो असं त्यात निघालं. कॉलेजचा सिनिअर हा नेमका तसाच असतो.

तुमच्या स्वतःच्या प्रोफाइलमध्ये एक गोष्ट तपासा, आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांची ही चुकलेली असते. शिक्षणात कॉलेजचं नाव नुसतं टाइप करून ठेवलेलं असतं, खाली येणाऱ्या यादीतून निवडलेलं नसतं. मग तिथे कॉलेजचा लोगो येत नाही, तुम्ही Alumni मध्ये दिसत नाही, आणि सिनिअरने तुमची प्रोफाइल उघडली तरी दोघं एकाच ठिकाणी शिकलात हे लिंक्डइन त्याला दाखवत नाही. "आपल्याच कॉलेजची" या शब्दांना मग आधारच उरत नाही. लोगो दिसत नसेल तर तेवढं आज करून घ्या, फुकट आहे आणि त्याला आमची गरज नाही.

उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवसांनी एकदाच आठवण करा, तीही काहीतरी नवीन घेऊन, म्हणजे "तोवर मी हे वाचलं, आता प्रश्न एवढाच उरलाय". नुसतं "सर, बघितलंत का" नको. दुसऱ्यांदाही शांतता असेल तर सोडून द्या, मनाला लावून घेऊ नका, माणसं खरंच कामात असतात. संबोधनाचं म्हणाल तर पहिल्या मेसेजला सर किंवा मॅडम आणि तुम्ही पुरेसं आहे, दादा-ताई ओळख झाल्यावर. आदरणीय वगैरे लिहिलं की अर्ज वाटतो.

आमच्याकडे या मेसेजचं काम करून घ्यायचं असेल तर येताना तीन गोष्टी आणा, ज्याला लिहायचंय त्याच्या प्रोफाइलची लिंक, त्यात तुम्हाला तुमच्या वाटेवरचं काय दिसलं ते, आणि तुमचा प्रश्न तुमच्याच शब्दांत, कितीही ओबडधोबड असला तरी चालेल. तेवढं असलं की एका बैठकीत मेसेज होतो आणि तो तुमचा वाटतो. एका वेळी तीनच माणसं घेतो, पहिल्या तिघांचं काय होतं ते बघून पुढचे लिहितो. प्रोफाइलचं काम आमच्याकडे केलेल्यांना पहिल्या मेसेजच्या तपासणीचे वेगळे पैसे नाहीत, ड्राफ्ट पाठवण्याआधी दाखवा, पाठवल्यानंतर आणलात तर आम्हाला फारसं काही करता येत नाही.