FAQ स्कीमा आला कधी आणि गेला कुठे: थोडी पार्श्वभूमी

FAQ स्कीमा म्हणजे पेजवरचे प्रश्न आणि उत्तरं सर्च इंजिनला ओळखता यावीत म्हणून टाकायचा मार्कअप, म्हणजे छोटा कोड. कुठल्याही SEO ग्रुपवर आठवड्यातून एकदा कोणीतरी विचारायचंच, FAQ स्कीमा टाकलाय, टेस्टमध्ये हिरवा टिक येतोय, मग सर्चमध्ये प्रश्न का दिसत नाहीत? याचं उत्तर कोडमध्ये नाहीये, मागच्या काही वर्षांत काय काय झालं त्यात आहे, म्हणून हे जरा सविस्तर.

सुरुवातीचा भाग पटकन उरकतो. २००९ मध्ये सगळ्यात मोठ्या सर्च इंजिनने, म्हणजे Google ने, रिझल्टखाली स्टार, किंमत वगैरे दाखवायला सुरुवात केली. तेव्हा मार्कअपच्या दोन-तीन पद्धती होत्या आणि कोणती वापरायची याचा घोळ होता, मग जून २०११ मध्ये मोठ्या सर्च कंपन्यांनी एकत्र येऊन schema.org ही सामाईक यादी काढली. सुरुवातीला हे सगळं HTML टॅगच्या आत मिसळून लिहावं लागायचं, त्यामुळे थीम बदलली की सगळं गेलं. २०१४ मध्ये JSON-LD अधिकृत मानक झालं, म्हणजे एकच वेगळा स्क्रिप्ट ब्लॉक पेजमध्ये कुठेही टाका, आणि तिथून हे काम प्लगइनवाल्यांच्या हातात गेलं.

लेख आणि बातम्यांसाठीचा Article मार्कअप तसा शांत प्रकार. मोबाईलवर टॉप स्टोरीजच्या पट्टीत यायचं तर AMP पेज, म्हणजे मोबाईलवर झटकन उघडणारी हलकी आवृत्ती लागायची, त्या काळात Article ला भाव होता आणि लोगोच्या पिक्सेलवरून लोक हैराण व्हायचे. २०२१ मध्ये ती AMP ची अट गेली. आता Article मध्ये सक्तीचं असं एकही फील्ड नाही, हेडलाइन, फोटो, तारखा, लेखक हे सगळं "दिलंत तर बरं" या सदरात. भांडण झालं ते FAQ वरून.

मे २०१९ मध्ये FAQPage चे रिझल्ट सुरू झाले. तुमच्या लिंकखाली तीन-चार प्रश्न, दाबला की उत्तर तिथेच उघडणार, आणि उत्तरात लिंक टाकायलाही परवानगी. मोबाईलवर एकच साइट अर्धा स्क्रीन खायची, खालचा स्पर्धक आपोआप ढकलला जायचा, रँक मात्र तोच. कोडही अगदी किरकोळ. समजा सातबाऱ्यावर वारसनोंद कशी करायची यावर तुमचा लेख आहे, तर त्यातला एक प्रश्न असा जायचा:

```
{
  "@context": "https://schema.org",
  "@type": "FAQPage",
  "mainEntity": [{
    "@type": "Question",
    "name": "वारसनोंदीचा अर्ज कुठे करायचा?",
    "acceptedAnswer": {
      "@type": "Answer",
      "text": "गावच्या तलाठी कार्यालयात."
    }
  }]
}
```

नियम तेव्हाही होते. प्रश्न आणि उत्तर दोन्ही वाचकाला पेजवर दिसलं पाहिजे (क्लिक केल्यावर उघडणाऱ्या पट्टीत चालेल), उत्तर साइटनेच दिलेलं एकच असलं पाहिजे, जिथे वाचक आपापली उत्तरं लिहितात तिथे QAPage वापरायचा, आणि यातून जाहिरात करायची नाही. पण पाळलं कोणी? शूज विकणाऱ्या पेजवर "शूज म्हणजे काय?", प्रत्येक प्रॉडक्टखाली तेच पाच प्रश्न कॉपी पेस्ट, प्रश्नांपुढे इमोजी, उत्तरात "आत्ताच फोन करा". एजन्सीवाले तर पॅकेजमध्येच लिहायचे, प्रति पेज इतके FAQ. जून २०२१ मध्ये पहिली कात्री लागली, एका रिझल्टखाली जास्तीत जास्त दोनच प्रश्न. ज्याला थोडीफार अक्कल होती त्याला तेव्हाच कळलं की हे फार टिकणार नाही.

आणि मग ऑगस्ट २०२३. Google ची घोषणा छोटीशीच, पण अर्थ असा की FAQ चे रिझल्ट यापुढे फक्त नावाजलेल्या आणि अधिकृत सरकारी आणि आरोग्यविषयक साइटनाच नियमितपणे दाखवले जातील, बाकीच्यांना नाही. एखादी गोष्ट पायरीपायरीने कशी करायची ते दाखवणारे How-to चे रिझल्ट त्याच वेळी फक्त डेस्कटॉपपुरते उरले आणि पुढच्याच महिन्यात तिथूनही काढले. कारण दिलं गेलं की सर्चचा अनुभव अधिक स्वच्छ आणि एकसारखा करायचाय.

यावर दोन तट पडले ते आजपर्यंत आहेत. एक बाजू म्हणते योग्यच झालं, कचरा झाला होता, वाचकाला त्या प्रश्नांचा काडीचा उपयोग नव्हता. कचरा झाला होता हे खरंच आहे, त्यात वाद नाही. पण दुसरी बाजू विचारते की चाळणी उत्तराच्या दर्जाची लावायची सोडून साइटच्या ओळखीची का लावली? आणि मला हे म्हणणं जास्त पटतं. वरचंच वारसनोंदीचं उदाहरण घ्या, सरकारी साइटवर माहिती असते पण बऱ्याचदा पीडीएफमध्ये किंवा अशा भाषेत की अर्ज करणारा आणखी गोंधळतो, आणि तेच एखादा निवृत्त महसूल कर्मचारी आपल्या ब्लॉगवर चार प्रश्नांत सरळ समजावून सांगतो. या नियमात त्या ब्लॉगला जागाच नव्हती, कितीही स्वच्छ लिहिला तरी. बरं, "नावाजलेली" म्हणजे नेमकी कोणती हे कुठल्या यादीत नव्हतं, त्यामुळे अर्ज करून आत जायची सोयही नव्हती. स्पॅम करणाऱ्यांना आणि नीट लिहिणाऱ्यांना एकच शिक्षा.

गोंधळ वाढला तो त्यानंतर काय दिसलं त्याने. बऱ्याच जणांचे क्लिक पडले आणि त्यांना वाटलं साइटला पेनल्टी लागली. तसं नव्हतं, रँकिंगमध्ये बदल नाही हे घोषणेतच म्हटलं होतं. तेव्हा ओळखायचं कसं, तर Google च्या साइटमालकांसाठीच्या सर्च कन्सोलमध्ये परफॉर्मन्स रिपोर्ट बघायचा: सरासरी पोझिशन तीच, पण सर्च अपिअरन्समध्ये FAQ चे इम्प्रेशन ऑगस्ट २०२३ मध्ये जवळजवळ शून्यावर आले, तर फक्त दिसणं बंद झालं होतं. पोझिशनही घसरली असेल तर कारण दुसरं कुठलंतरी. आणि त्या काळात FAQ च्या रिपोर्टमधला व्हॅलिड आयटमचा आकडा मात्र तसाच राहिला, कारण तो फक्त कोड बरोबर आहे एवढंच सांगायचा. सुरुवातीला विचारलेल्या हिरव्या टिकचं उत्तर पण हेच, टेस्ट पात्रता तपासायची, दाखवायचं की नाही हे वेगळीकडे ठरायचं.

मग लोक घाईघाईत कोड काढायला लागले, डेव्हलपरला पैसे देऊन. त्याची गरज नव्हती, न वापरला जाणारा मार्कअप पडून राहिला तर सर्चमध्ये त्याने नुकसान होत नाही असं तेव्हाच स्पष्ट केलं होतं. पेजवरचे खरे प्रश्न तर अजिबात काढू नका, ते वाचकासाठी आहेत.

या सगळ्या गदारोळात Article कडे कोणी बघेना आणि खरं बघायला हवं ते तिथे. थीम एक Article टाकते, प्लगइन दुसरा, दोघांत तारीख वेगळी. लेखकाच्या name मध्ये नुसतं नाव हवं तिथे "मुख्य संपादक" वगैरे पदवीसकट भरलेलं असतं, आणि त्या लेखकाच्या पेजची लिंक द्यायचा url २०२१ पासून सुचवलेला असूनही रिकामा. आपल्याकडची खास चूक म्हणजे वेळेचा पट्टा न लिहिणं. `2023-08-09T06:30:00` एवढंच लिहिलं तर सर्च इंजिन स्वतःच्या क्रॉलरचा टाइमझोन धरतं, भारतातला नाही, आणि बातमी काही तास पुढेमागे सरकते, कधीकधी तर तारीखच बदलते. शेवटी `+05:30` जोडलं की प्रश्न मिटतो, datePublished आणि dateModified दोन्हीला.