लासोटा दिली तरी मानमोडी का आली?
(गावरान व लेअर पक्षी पाळणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

पावसाळा संपत आला की दुकानात एकच तक्रार येते: लस वेळेवर दिली, तरी हिरवी हगवण लागली, माना वळल्या, मर सुरू झाली, म्हणजे बाटलीच खराब असणार. बाटली खराब असू शकते. पण बरोबर आणलेली रिकामी कुपी आम्ही पाहतो, तारीख आणि बॅच वहीत ताडतो, आणि मग विचारतो की पाणी कुठलं वापरलं. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं.

लासोटा ही जिवंत लस आहे. कुपीतल्या कोरड्या वडीत मानमोडीचा, म्हणजे राणीखेतचाच विषाणू असतो, पण सौम्य जातीचा. एका डोसात तो किमान १० लाखांच्या घरात असतो. तरी पिल्लू आजारी का पडत नाही? या विषाणूला पेशीत शिरायचं तर त्याच्या अंगावरचं एक प्रथिन आधी ठरावीक जागी कापलं जावं लागतं, आणि ती कात्री पक्ष्याच्याच शरीरात असते. मर आणणाऱ्या विषाणूचं प्रथिन जवळजवळ कुठल्याही अवयवात कापलं जातं, म्हणून तो मेंदूपर्यंत जातो आणि मान वळते. लासोटाचं प्रथिन कापणारी कात्री मुख्यतः श्वासनलिकेच्या आणि आतड्याच्या अस्तरात असते. तो तिथेच थोडा वाढतो, पुढे जात नाही.

बाहेरून मात्र दोघांचं रूप जवळपास सारखं असतं. अस्तरात वाढणारा लासोटा पाहून पक्ष्याच्या पांढऱ्या पेशी त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्यं बनवू लागतात. सहा ते दहा दिवसांत ती रक्तात दिसतात, चांगला जोर यायला दोन-तीन आठवडे जातात. विषाणू ओळखणाऱ्या काही पेशी मागे राहतात. पुढे खरा विषाणू आला की त्या लगेच कामाला लागतात. पण या सगळ्याची सुरुवात विषाणू पक्ष्यात शिरून वाढण्यापासून होते. तो पाण्याच्या भांड्यातच मेला, तर पक्ष्याच्या शरीराने काहीच पाहिलेलं नसतं, आणि तुमच्या वहीत मात्र ‘लस दिली’ अशी नोंद असते.

त्याला मारतं ते बहुधा टीसीएल. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, पावसाळ्यात विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकलेली असते, शिवाय शेडमध्ये आपणच पाण्यात सॅनिटायझर घालतो. पाणी तेच, भांडी तीच, आणि त्यातच लस. म्हणून लसीच्या आदल्या दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत पिण्याच्या पाण्यात कुठलंही जंतुनाशक नको. भांडी साध्या पाण्याने घासा, साबण किंवा फिनाईल लावू नका. लोखंडी किंवा पत्र्याची भांडी टाळा, प्लास्टिकची चालतात.

२८ दिवसांची १०० पिल्लं आहेत असं धरू. १००० पक्ष्यांना वयाच्या दिवसांइतके लिटर पाणी, हा ढोबळ हिशोब आहे. म्हणजे आपल्याला सुमारे ३ लिटर लागेल, कडक उन्हाळ्यात ४. पाणी आदल्या रात्री उकळून गार करून ठेवा. सकाळी उन्हं चढण्याआधी पिल्लांचं पाणी एक ते दोन तास काढून घ्या, उन्हाळ्यात एकच तास. लसीच्या पाण्यात लिटरला अडीच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर, म्हणजे ३ लिटरला साडेसात ग्रॅम, विरघळवून २० मिनिटं थांबा. उरलेलं क्लोरीन दुधातली प्रथिनं पकडून ठेवतात. मग १०० डोसची कुपी पाण्यात बुडवूनच उघडा, नीट ढवळा आणि भांड्यांत वाटा. भांडी इतकी हवीत की निदान दोन तृतीयांश पिल्लं एका वेळी पिऊ शकतील. नाहीतर दांडगी पिल्लं दुप्पट पितात आणि दुबळी कोरडी राहतात. पुढे मर लागते ती या दुबळ्यांपासूनच. पाणी एक ते दीड तासात संपलं पाहिजे.

दुधाची पावडर आमच्याकडे लहान पुडीत मिळते. निळी स्टॅबिलायझर गोळीही आहे. ती क्लोरीन मारते आणि पिल्लांच्या जिभा निळ्या करते. तासाभराने दहा-वीस पिल्लांच्या चोची उघडून पाहिल्या की कोण प्यालं आणि कोण राहिलं ते कळतं. गोळी घेतलीत तर दुधाची पावडर वेगळी घ्यायची गरज नाही, हेही सांगून ठेवतो.

पहिला डोस मात्र पाण्यातून देऊ नका. लस घेतलेल्या आईची प्रतिद्रव्यं अंड्याच्या बलकातून पिल्लात उतरतात आणि साधारण साडेचार दिवसांना निम्मी होतात. पहिल्या आठवड्यात तीच लसीच्या विषाणूला अडवतात. म्हणून पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात एक थेंब द्यायचा. डोळ्यामागच्या ग्रंथीत तिथल्या तिथे प्रतिकार तयार होतो, आणि रक्तातल्या आईच्या प्रतिद्रव्यांचा त्याला कमी अडथळा होतो. थेंब टाकल्यावर पिल्लाने डोळा मिटून तो आत घेईपर्यंत हातातून सोडू नका. गालावरून ओघळलेला थेंब वाया गेला असं समजून दुसरा द्या.

सहा ते आठ आठवड्यांना आर-टू-बी, अर्धा मिली, कातडीखाली. हा विषाणू लासोटापेक्षा तिखट आहे. लासोटा न झालेल्या किंवा लहान पिल्लांना टोचला तर लसीनेच पाय लुळे पडतात आणि मरही होते. म्हणून आर-टू-बी मागितली की आम्ही आधीच्या लसींची तारीख विचारतो. काहींना ही चौकशी खटकते. पण तारीख सांगितल्याशिवाय कुपी मिळणार नाही.

लसीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी थोडं शिंकणं, डोळ्याला पाणी दिसतं. तो अस्तरात वाढणारा लासोटाच. चार-पाच दिवसांत थांबतं. त्यासाठी अँटिबायोटिक मागायला येऊ नका, विषाणूवर ते चालत नाही. त्याहून जास्त दिवस टिकलं किंवा घरघर सुरू झाली तर मात्र पशुवैद्यकांना दाखवा.

शेडमध्ये मानमोडी शिरल्यावर दिलेल्या लसीकडून चमत्काराची अपेक्षा नको. तिला लागतात ते दिवस आजार देत नाही. गंबोरो होऊन गेलेल्या कळपातही लासोटा कमी लागू पडते, कारण प्रतिद्रव्यं बनवणाऱ्या पेशी ज्या बर्सा ग्रंथीत घडतात तीच गंबोरो पोखरतो. शिवाय लस आजार आणि मर रोखते, विषाणूचा शिरकाव पूर्ण थांबवतेच असं नाही. लस घेतलेला धडधाकट पक्षीही तो विष्ठेतून थोडाफार टाकू शकतो. म्हणून बाजारातून आणलेला पक्षी थेट कळपात सोडू नका.

लस लागू पडली का याची खात्री हवी असेल तर दोन-तीन आठवड्यांनी काही पक्ष्यांचं रक्तजल एचआय चाचणीला पाठवता येतं. नमुना कसा काढायचा आणि कुठे द्यायचा ते पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. दवाखान्यातून लस घेतलीत तरी वरचे सगळे नियम तेच.

दुकानाचे नियम: थर्मास आणल्याशिवाय लस मिळणार नाही, बर्फ आम्ही देतो. लस २ ते ८ अंशांतच टिकते. दुचाकीच्या डिकीत तासभर तापलेल्या कुपीचा आणि नळाच्या पाण्यातल्या कुपीचा हिशोब सारखाच. विकलेली कुपी परत घेत नाही, कारण मधल्या वेळात ती कुठे होती हे आम्हाला कळायला मार्ग नाही. अर्धी कुपी मिळत नाही. शेजारी दोघांनी मिळून घ्या, पण दोन्हीकडची पिल्लं त्याच सकाळी उरका. उघडलेली लस दोन तासांनंतर वापरू नका. रिकामी कुपी आणि उरलेलं पाणी उकळून मगच टाका. लस हाताळल्यावर डोळे चोळू नका, माणसाचेही डोळे यायला ती पुरते.