सम फलनाचे विकलज विषम का असते?

f(−x) = f(x) ही अट पाळणाऱ्या फलनाला सम म्हणतात आणि f(−x) = −f(x) ही अट पाळणाऱ्याला विषम. x² आणि cos x ही सम फलने आहेत, तर x³ आणि sin x ही विषम. ही नावे घातांकांवरून पडली आहेत, आणि ऑयलरच्या १७४८ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणावरील ग्रंथात ती याच अर्थाने भेटतात. आलेखाच्या भाषेत सांगायचे तर सम फलनाचा आलेख उभ्या अक्षाच्या दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखा सारखाच दिसतो. अशा फलनाचे विकलन केले की उत्तर न चुकता विषम येते. याचे कारण घातांक एकाने कमी होतो हे आहे, असे बहुतेक विद्यार्थी सांगतात. बहुपदीपुरते ते बरोबरही आहे, परंतु cos x मध्ये घातांक कुठेच दिसत नाही आणि तरीही नियम तसाच लागू पडतो. म्हणजे खरे कारण आणखी खोलवर असले पाहिजे.

ते x² या साध्या फलनातच दिसते, फक्त विकलजाचे सूत्र वापरायचे नाही आणि फरकांचे गुणोत्तर हाताने काढायचे. x = 2 पाशी 0.1 इतकी वाढ घेतली, तर (2.1)² − 2² = 0.41 आणि गुणोत्तर 4.1 येते. आता x = −2 पाशी तीच वाढ घेऊन पाहा: (−1.9)² − (−2)² = −0.39, म्हणजे गुणोत्तर −3.9. चिन्ह अपेक्षेप्रमाणे उलटले, पण संख्या जुळली नाही, आणि इथे बरेच जण ‘वाढ लहान केली की जुळेल’ असे म्हणून पुढे जातात. वास्तविक चूक वाढीच्या आकारात नसून तिच्या दिशेत आहे. आरशात उजवीकडे जाणारे पाऊल डावीकडे जाताना दिसते, त्यामुळे 2 पासून 2.1 पर्यंत जाण्याचे प्रतिबिंब −2 पासून −2.1 पर्यंत जाणे हे आहे. ती वाढ −0.1 घेतली की अंश 0.41, छेद −0.1 आणि गुणोत्तर नेमके −4.1 येते. फलनाच्या किमतीतला बदल आरशाने तसाच ठेवला आणि चलातल्या बदलाचे चिन्ह तेवढे उलटवले. भागाकारात ते एक ऋण चिन्ह शिल्लक राहते.

सिद्धता म्हणजे हीच गोष्ट अक्षरांत लिहिणे. समजा f सम आहे आणि x पाशी तिचे विकलज अस्तित्वात आहे. −x पाशी फरकांचे गुणोत्तर मांडू आणि दोन्ही ठिकाणी समत्वाची अट वापरू:

```
[f(−x+h) − f(−x)] / h = [f(x−h) − f(x)] / h
                      = − [f(x+k) − f(x)] / k,   k = −h
```

h शून्याकडे जाते तेव्हा k सुद्धा शून्याकडे जाते, म्हणून उजव्या बाजूची सीमा −f′(x) आहे. अर्थात f′(−x) = −f′(x), आणि f′ विषम ठरले. f विषम असेल तर अंशातही एक ऋण चिन्ह येते, दोन्ही चिन्हे एकमेकांना खोडतात आणि विकलज सम होते.

साखळी नियम वापरला तर हेच एका ओळीत होते: f(−x) चे विकलज −f′(−x), आणि f(−x) = f(x) असल्यामुळे −f′(−x) = f′(x). तरीही मला पहिली वाट अधिक पसंत आहे, कारण −x पाशी विकलज असते हे त्या वाटेत आपोआप सिद्ध होते, वेगळे गृहीत धरावे लागत नाही. शिवाय f′(−x) आणि ‘f(−x) चे विकलज’ या दोन भिन्न गोष्टी एकच समजण्याची नेहमीची चूक त्या वाटेवर होत नाही.

लगेच मिळणारा एक निष्कर्ष असा की, शून्यापाशी विकलज असेल तर f′(0) = −f′(0), म्हणून ते शून्यच असते; सम फलनाच्या आलेखाची तिथली स्पर्शिका आडवी असते. ‘असेल तर’ हे शब्द मात्र गाळता येत नाहीत. |x| सम आहे, तिचा चढ उजवीकडे 1 आणि डावीकडे −1 आहे, पण शून्यापाशी टोक असल्यामुळे तिथे विकलजच नाही. हा नियम उत्तर तपासायलाही उपयोगी पडतो. x sin x हे सम फलन आहे. त्याचे विकलज कोणी sin x + cos x असे लिहिले, तर त्यातले cos x सम असल्यामुळे उत्तर चुकले हे पुन्हा विकलन न करताच कळते. बरोबर उत्तर sin x + x cos x आहे. मात्र कोणी sin x − x cos x लिहिले तर तेही विषमच आहे, त्यामुळे ही चूक या चाळणीतून सुटते.

आवर्ती फलनांची सिद्धता याहून सोपी आहे. f(x+T) = f(x) असेल तर सरकवण्याने पावलाची दिशा बदलत नाही, म्हणून कोणतेही चिन्ह न येता f′(x+T) = f′(x) मिळते. खरी गंमत उलट्या दिशेने जाताना आहे. विकलज विषम असेल तर मूळ फलन सम असतेच का, आणि विकलज आवर्ती असेल तर मूळ फलन आवर्ती असतेच का?

f सर्व वास्तव संख्यांवर विकलनीय आहे असे धरू. f′ विषम असेल तर f(x) − f(−x) याचे विकलज f′(x) + f′(−x), म्हणजे शून्य आहे. म्हणून ही वजाबाकी एक स्थिरांक आहे. तो स्थिरांक x = 0 ठेवून काढता येतो: f(0) − f(0) = 0. तेव्हा f सम आहेच. हाच युक्तिवाद f′ सम असताना केला तर f(x) + f(−x) = 2f(0) एवढेच मिळते, म्हणून x³ + 5 विषम नसूनही त्याचे विकलज 3x² सम आहे.

आवर्तनाच्या बाबतीत f(x+T) − f(x) हा स्थिरांक c आहे इथपर्यंत वाट तीच आहे, पण पुढे अडते. आरशात शून्य हा बिंदू जागचा हलत नाही, म्हणून तिथे c ची किंमत काढता आली. सरकवताना मात्र प्रत्येक बिंदू हलतो आणि c पकडायला जागाच उरत नाही. x + sin x घ्या. तिचे विकलज 1 + cos x हे 2π आवर्तनाचे आहे, पण ती स्वतः दर आवर्तनात 2π ने वर चढत जाते. c म्हणजे एका आवर्तनातल्या विकलजाचे संकलन, आणि ते शून्य असेल तेव्हाच f आवर्ती होते.

f आवर्ती आहे हे आधीच माहीत असेल तर c ला वाव राहत नाही. f′ चे आवर्तन S असेल तर f(x+nS) = f(x) + nc; सततपणामुळे आवर्ती f मर्यादित असते, आणि c शून्य नसेल तर nc हवे तेवढे मोठे करता येते. म्हणून c = 0, आणि S हे f चेही आवर्तन ठरते. विकलन केल्याने सर्वांत लहान आवर्तन आणखी लहान होईल अशी शंका कधी आली असेल, तर स्थिर नसलेल्या आवर्ती फलनांपुरती ती इथे मिटते.