ओएफडीएममधील शिखर-सरासरी शक्ती गुणोत्तर

ओएफडीएम पद्धतीत माहिती एका वेगवान वाहक लहरीवर न लादता शेकडो संथ उपवाहकांवर वाटून दिली जाते आणि ते सर्व उपवाहक एकाच वेळी, एकाच अँटेनातून बाहेर पडतात. प्रत्येक उपवाहक स्वतंत्रपणे पाहिला तर त्याचा आयाम ठरावीक मर्यादेत असतो. त्यांची बेरीज मात्र क्षणाक्षणाला बदलते: बहुतेक वेळ उपवाहक एकमेकांना बरेचसे खोडून काढतात, पण अधूनमधून अनेकांचे माथे एकाच क्षणी जुळतात आणि लहर सरासरीच्या कितीतरी वर उसळते. एका सिंबॉलच्या, म्हणजे सर्व उपवाहकांवर एकदम पाठवलेल्या मूल्यांच्या एका संचाच्या, काळातील सर्वाधिक तात्कालिक शक्तीला सरासरी शक्तीने भागले की शिखर-सरासरी शक्ती गुणोत्तर मिळते. व्यवहारात त्याला पीएपीआर म्हणतात आणि ते डेसिबलमध्ये सांगतात. १० पट म्हणजे १० डेसिबल, ४ पट म्हणजे सुमारे ६ डेसिबल.

हा गुण कशामुळे येतो हे चार उपवाहकांच्या उदाहरणातही दिसते. चौघांवर +1, +1, +1, +1 अशी मूल्ये ठेवली, तर सुरुवातीच्या क्षणी आयाम ४ होतो, म्हणजे शक्ती १६. सरासरी शक्ती ४ आहे, म्हणून गुणोत्तर ४, अर्थात ६ डेसिबल. आता फक्त शेवटच्या उपवाहकाचे चिन्ह उलटे करून +1, +1, +1, −1 घेऊ. उलट फूरियर रूपांतरातून निघणाऱ्या चारही नमुन्यांचा आयाम नेमका २ येतो, शक्ती प्रत्येक वेळी ४, गुणोत्तर शून्य डेसिबल. तीच सरासरी शक्ती, तेवढीच माहिती, आणि शिखर नाहीसे झाल्यासारखे दिसते. पण अँटेनातून नमुने बाहेर पडत नाहीत, सलग लहर बाहेर पडते. दोन नमुन्यांच्या मधली लहर तपासली तर तिची शक्ती ७.०८ पर्यंत चढते, म्हणजे खरे गुणोत्तर सुमारे २.५ डेसिबल आहे. म्हणूनच पीएपीआर मोजताना नमुने निदान चौपट दाट घ्यावे लागतात. केवळ मूळ नमुन्यांवर हिशेब केला, तर गणकयंत्रावर छान दिसणारी रचना प्रत्यक्ष ॲम्प्लिफायरवर फसते.

उपवाहक N असतील, तर सर्वात वाईट गुणोत्तर N असते. वायफायच्या ८०२.११ए या १९९९ च्या मानकातले ६४ बिंदूंचे रूपांतर हिशेबासाठी घेऊन सर्व ६४ उपवाहक भरले आहेत असे मानले, तर हा आकडा १८ डेसिबल येतो. पण सगळ्यांचे माथे जुळण्याची शक्यता इतकी नगण्य आहे की त्यासाठी यंत्रणा बांधण्यात अर्थ नाही. उपयोगी प्रश्न वेगळा आहे: एखादी पातळी किती सिंबॉलमध्ये ओलांडली जाते? उपवाहक पुरेसे असले की त्यांच्या बेरजेचे वाटप यादृच्छिक गोंगाटासारखे होते, आणि शक्ती सरासरीच्या γ पट पातळी ओलांडेल याची शक्यता, मूळ नमुन्यांच्या हिशेबाने, अशी मिळते:

```
P(PAPR > γ) = 1 − (1 − e^(−γ))^N
```

N = 64 ठेवले, तर ७ डेसिबलची पातळी साधारण दर तीन सिंबॉलमागे एकात ओलांडली जाते, ८ डेसिबलची शंभरात अकरा सिंबॉलमध्ये, आणि १० डेसिबलची हजारात तीनच सिंबॉलमध्ये. एक डेसिबल वर गेलो की शिखरे किती झपाट्याने विरळ होतात ते यातून कळते. उपवाहकांची संख्या वाढल्याने फरक पडतो, पण बेताचाच. हजारात एका सिंबॉलमध्ये ओलांडली जाणारी पातळी ६४ उपवाहकांना १०.४ डेसिबल, तर एलटीईच्या २० मेगाहर्ट्‌झ पट्ट्यातील १,२०० उपवाहकांना ११.५ डेसिबल येते. दाट नमुन्यांच्या हिशेबात हे आकडे आणखी थोडे वर सरकतात.

ॲम्प्लिफायरवर पडणारा ताण

शक्ती ॲम्प्लिफायरचा आदान-प्रदान आलेख सुरुवातीला सरळ असतो, मग वाकतो आणि शेवटी सपाट होतो. या सपाट भागाला संपृक्तता म्हणतात. त्यापुढे आत कितीही ढकलले तरी बाहेर जास्त काही येत नाही. शिखर या वाकलेल्या भागात शिरले की त्याचा माथा चेपला जातो आणि फेजही ढळते. त्याचे परिणाम दोन ठिकाणी दिसतात. उपवाहकांमधला काटेकोर लंब संबंध बिघडून त्यांची ऊर्जा एकमेकांत सांडते, त्यामुळे ग्राहकाकडील नक्षत्र-आकृतीतले, म्हणजे मिळालेल्या मूल्यांच्या नकाशावरचे, टोकदार ठिपके ढगासारखे पसरतात. शिवाय विकृतीतून नव्या वारंवारता जन्मतात आणि वर्णपटाच्या दोन्ही बाजूंना ‘खांदे’ उठतात, जे शेजारच्या वाहिनीत घुसखोरी करतात. पहिल्या परिणामाचे माप त्रुटी-सदिश, म्हणजे ईव्हीएम, आणि दुसऱ्याचे शेजारच्या वाहिनीतील गळती.

हे टाळायचा सरळ मार्ग म्हणजे सरासरी शक्ती संपृक्ततेच्या बरीच खाली ठेवणे, ज्याला बॅकऑफ म्हणतात. पण त्याची किंमत विजेत मोजावी लागते. सरासरी १ वॅट बाहेर हवा आहे आणि १० डेसिबल बॅकऑफ ठेवायचा आहे असे समजू. मग १० वॅट संपृक्ततेचा ॲम्प्लिफायर लावावा लागेल, आणि तो पूर्ण क्षमतेने चालेल तो क्वचितच्या शिखरांपुरताच. आदर्श क्लास ए ॲम्प्लिफायर शिखरावर ५० टक्के कार्यक्षम असतो आणि सिग्नल लहान असो वा मोठा, वीज सारखीच ओढतो. इथे तो सतत २० वॅट घेईल, १ वॅट बाहेर देईल आणि १९ वॅटची उष्णता करेल. आदर्श क्लास बी शिखरावर ७८.५ टक्के कार्यक्षम असतो, पण त्याची कार्यक्षमता आयामाबरोबर घसरते. १० डेसिबल बॅकऑफला ती साधारण पाव हिश्शावर येते, म्हणजे १ वॅटसाठी ४ वॅटच्या आसपास वीज लागते. हाच बॅकऑफ ६ डेसिबलवर आणता आला, तर कार्यक्षमता चाळीस टक्क्यांच्या आसपास जाते आणि सुमारे अडीच वॅटमध्ये भागते. शिखरे ४ डेसिबलने खाली आणण्यासाठी अभियंते एवढा आटापिटा का करतात, याचे उत्तर या फरकात आहे.

शिखरे छाटणे

सर्वाधिक वापरला जाणारा उपाय सर्वात ठोक आहे. ॲम्प्लिफायरपर्यंत पोहोचण्याआधी, अंकीय टप्प्यातच ठरलेल्या पातळीवरचा भाग कापायचा. आयाम मर्यादेवर आणायचा, फेज तशीच ठेवायची. ॲम्प्लिफायरलाही शेवटी कापायचेच आहे, मग आपण कापल्याने काय साधले, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. साधले ते हे की ही विकृती अजून आकड्यांत आहे आणि तिला गाळता येते, तर ॲम्प्लिफायरची विकृती थेट हवेत जाते.

सरासरीच्या ७ डेसिबल वर छाटले तर नमुन्यांपैकी शंभरात एकही पुरता कापला जात नाही (०.६७ टक्के) आणि त्यातून येणारी त्रुटी सुमारे २.३ टक्के असते. ५ डेसिबलवर छाटले, तर ती सुमारे ७ टक्क्यांवर जाते. थ्रीजीपीपी या मोबाइल मानके ठरवणाऱ्या संघटनेच्या मानकांत ६४-क्वॅम या ६४ ठिपक्यांच्या नक्षत्र-रचनेसाठी ईव्हीएमची मर्यादा ८ टक्के आणि २५६-क्वॅमसाठी ३.५ टक्के आहे. म्हणजे ६४-क्वॅमला ५ डेसिबलची छाटणी कशीबशी चालेल, पण तीत सगळे अंदाजपत्रक संपते आणि दोलक व ॲम्प्लिफायर यांच्या चुकांना जागा उरत नाही. २५६-क्वॅमला तर ७ डेसिबलसुद्धा जपूनच वापरावे लागते. छाटणीची पातळी हा कायमचा ठरलेला आकडा नाही. कोणती नक्षत्र-रचना पाठवायची आहे, त्यावर तो ठरतो.

खरी अडचण गाळणीपाशी येते. छाटणीची धार तीक्ष्ण असते आणि तिची ऊर्जा पट्ट्याबाहेर पसरते, म्हणून पट्ट्याबाहेरचे सगळे काढून टाकावे लागते. पण ते काढताच कापलेले माथे काही अंशी पुन्हा उगवतात, कारण त्यांना दाबून ठेवणारे घटक त्याच काढलेल्या भागात होते. त्यामुळे छाटणी आणि गाळणी दोन-चार वेळा आळीपाळीने करतात. प्रत्येक फेरीत शिखरे थोडी आणखी बसतात, पट्ट्यातली त्रुटी मात्र साचत जाते. छाटणी मूळ दराने घेतलेल्या नमुन्यांवर केली, तर सगळी विकृती पट्ट्यातच दुमडून येते आणि गाळायला काही उरतच नाही. या गफलतीत वर्णपट स्वच्छ दिसतो, पण ईव्हीएम खराब येते. निदानाची खूण हीच.

विकृती न करता शिखर टाळणे

दुसरा विचार असा की शिखर कापण्याऐवजी मुळात उद्भवूच द्यायचे नाही. निवडक प्रतिचित्रण, म्हणजे एसएलएम, या पद्धतीत त्याच माहितीची चार रूपे तयार करतात, प्रत्येकात उपवाहकांच्या फेज वेगळ्या ठरावीक क्रमाने फिरवून, आणि ज्याचे शिखर सर्वात बुटके ते रूप पाठवतात. ६४ उपवाहकांत ८ डेसिबल ओलांडण्याची शक्यता ११ टक्के होती. चारही रूपे एकाच वेळी ती पातळी ओलांडण्याची शक्यता ०.११ चा चौथा घात, म्हणजे दहा हजारांत साधारण दीड. सुधारणा देखणी आहे, पण प्रत्येक सिंबॉलमागे चार रूपांतरे करावी लागतात आणि कोणते रूप निवडले हे ग्राहकाला कळवायला दोन बिट लागतात. हे दोन बिट चुकले तर सगळा सिंबॉल वाया जातो. पाठ्यपुस्तकांत या पद्धतीला मिळणारी जागा आणि प्रत्यक्ष उपकरणांतला तिचा वापर यांत मोठी तफावत आहे, त्यामागे हे एक कारण आहे.

काही उपवाहक माहितीसाठी न वापरता शिखराविरुद्धची लहर घडवण्यासाठी राखून ठेवता येतात. डीव्हीबी-टी२ या दूरचित्रवाणी मानकात ही सोय आहे आणि तिथे त्यासाठी जवळपास एक टक्का उपवाहक राखतात. ग्राहक ते दुर्लक्षित करतो, म्हणून त्याला काही कळवावे लागत नाही.

मोबाइल संचाच्या बाबतीत सर्वात परिणामकारक ठरला तो डीएफटी-प्रसारण हा उपाय. उपवाहकांवर मूल्ये ठेवण्याआधी त्यांचे एक फूरियर रूपांतर करतात. मग पुढचे उलट रूपांतर त्याला बरेचसे निष्प्रभ करते आणि बाहेर पडणारी लहर जवळजवळ एकल-वाहक सिग्नलसारखी होते, तिची शिखरे काही डेसिबलनी बुटकी असतात. संचाची बॅटरी लहान आणि ॲम्प्लिफायर स्वस्त, म्हणून एलटीईने संचाकडून तळस्थानकाकडे जाणाऱ्या दिशेला हीच रचना घेतली. ५जीमध्ये त्या दिशेला साधे ओएफडीएमही वापरता येते, आणि तळस्थानकापासून दूर असलेल्या, शक्तीची चणचण असलेल्या संचासाठी डीएफटी-प्रसारण ठेवले आहे. हा फायदा मूल्ये सलग उपवाहकांवर ठेवली तरच पूर्ण मिळतो. ती तुकड्या-तुकड्यांत विखुरली की शिखरे पुन्हा वाढतात.

तळस्थानकांत छाटणीनंतर अंकीय पूर्वविकृतीचा टप्पा येतो. ॲम्प्लिफायरचा आलेख जितका वाकतो, तितकाच सिग्नल आधी उलट दिशेने वाकवायचा, म्हणजे एकूण नाते सरळ होते. या दोन टप्प्यांचा क्रम बदलून चालत नाही. पूर्वविकृती वाकलेला भाग सरळ करू शकते, पण संपृक्ततेच्या वरचे शिखर आणू शकत नाही, कारण तेवढी शक्ती ॲम्प्लिफायरमध्ये नसतेच. शिखर त्या छताखाली आधी बसवावे लागते. ते न बसवता पूर्वविकृती चालू केली, तर ती चेपलेल्या माथ्याची भरपाई करण्यासाठी आदान आणखी वाढवते, शिखर संपृक्ततेत आणखी खोल जाते आणि वर्णपटाचे खांदे कमी होण्याऐवजी वर येतात.