नकाशावरचा ठिपका का थांबतो?

हिवाळ्यातला रविवार धरा. परतवाड्याजवळच्या एका गावातली दहा-बारा पोरं सकाळी सहाला गाडी करून चिखलदऱ्याला निघतात, तिथून गाविलगड पाहायचा बेत. निघतानाच एकानं व्हॉट्सअ‍ॅपच्या गावच्या ग्रुपवर लाइव्ह लोकेशन टाकलेलं, आठ तासांचं. साडेनऊपर्यंत ठिपका घाटातून वर सरकताना दिसतो, घरचे चहा पिता पिता पाहत असतात. मग ठिपका गडाच्या कडेला थांबतो तो थांबतोच. अकराच्या सुमारास एकाची आई शेजाऱ्याला विचारते, "काकाजी, हे पोट्टं दीड घंट्यापासून एकाच जागी दिसून राह्यलं, पडलं-गिडलं त नसंल ना?"

बहुतेक वेळा तसं काही झालेलं नसतं, पोरगं आतल्या किल्ल्यात हिंडत असतं. थांबलेली असते ती फक्त बातमी.

लाइव्ह लोकेशनमध्ये दोन वेगळी कामं एकामागून एक होतात, गोंधळ त्यातूनच होतो. पहिलं काम फोननं आपली जागा ओळखण्याचं. त्यासाठी जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून सतत वेळ आणि आपली कक्षा सांगत असतात, आणि फोन आकाशवाणीच्या रेडिओसारखा नुसता ऐकतो. निदान चार उपग्रहांचे संदेश किती उशिरानं पोचले त्यावरून तो आपली जागा काढतो. यात टावर लागत नाही, रिचार्ज लागत नाही, उपग्रहाला फोनकडून काहीच जात नाही. दुसरं काम ही जागा घरच्यांना कळवण्याचं, आणि तिथं मोबाइल डेटा लागतोच. गाविलगडाच्या बाहेरच्या आणि आतल्या किल्ल्यामध्ये घळ आहे. अशा घळीत टावर गेला की पोराच्या स्वतःच्या फोनवर नकाशा बरोबर चालू राहतो, पण घरच्यांच्या नकाशावर ठिपका घळीच्या तोंडाशीच अडकतो.

म्हणून ठिपका पाहण्याआधी त्याची वेळ पाहावी. लाइव्ह लोकेशन उघडलं की खाली नावांची यादी येते, आणि जागा शेवटची कधी कळली ते तिथं दिसतं. "आत्ताच" असेल आणि ठिपका हलत नसेल, तर माणूस खरंच बसलाय, किंवा फोन कुठंतरी ठेवलाय. तासापूर्वीचं असेल, तर ती माणसाची तासापूर्वीची जागा, एवढंच म्हणता येतं. अशा वेळी आधी सोबतच्या दुसऱ्या पोराला फोन लावून पाहावा, शक्यतो वेगळ्या कंपनीचं सिम असलेल्याला. एका कंपनीचा टावर नसतो तिथं दुसरीचा असू शकतो.

उलटही होतं. ठिपका अचानक दरीपलीकडे उडी मारतो आणि मिनिटात परत येतो. दाट झाडी आणि कातळाच्या भिंती यांत उपग्रहाचा संदेश आपटून, वळून येतो, त्याला उशीर होतो आणि फोनचा हिशेब चुकतो. मोकळ्या शेतात चूक पाच-दहा मीटरची, घळीत ती बरीच वाढते. लोकेशन पाठवायच्या पडद्यावर किती मीटरपर्यंत अचूक आहे ते लिहिलेलं असतं. तो आकडा मोठा दिसला तर जरा मोकळ्यावर येऊन मगच पाठवावं.

आता आठ तासांकडे. व्हॉट्सअ‍ॅप 15 मिनिटं, 1 तास आणि 8 तास एवढेच पर्याय देतं. सहाला घरून सुरू केलं तर दोनला संपतं, म्हणजे नेमकं परत उतरायच्या वेळेला, जेव्हा पाय थकलेले आणि बॅटरी अर्ध्यावर असते. माझ्या मते गाडीत असताना त्याची गरजच नसते. गडाच्या पायथ्याशी, टावर असताना, आठ-साडेआठला सुरू करावं आणि सोबत साध्या भाषेत लिहावं: "आता आत जातो, टावर नाही, चारपर्यंत बाहेर. पाचपर्यंत फोन नाही आला त पाहा." घरच्यांना या ओळीचा ठिपक्यापेक्षा जास्त उपयोग होतो, कारण टावर गेला तरी ती खोटी ठरत नाही. चालून गेलेली वाटही लाइव्ह लोकेशन दाखवत नाही, फक्त शेवटची जागा दाखवतं.

बॅटरीचंही तसंच. टावर अशक्त असला की फोन त्याला शोधत राहतो आणि जास्त ताकदीनं बोलतो, त्यामुळे चार्जिंग भराभर उतरतं. गटातल्या एकानं फोन एरोप्लेन मोडवर टाकून पिशवीत ठेवावा. जीपीएस आणि आधी उतरवून घेतलेला नकाशा तरीही चालतो, आणि गरज पडली तर भरलेला फोन हाताशी असतो. बॅटरी सेव्हर चालू असेल तर कित्येक फोन मागं चाललेली अ‍ॅपं झोपवतात. ठिपका थांबायचं हेही एक कारण.

लाइव्ह लोकेशन पाठवणं सुरक्षित कधी, याचं उत्तर मुख्यतः ग्रुपमध्ये कोण आहे यावर ठरतं. व्हॉट्सअ‍ॅपचं लाइव्ह लोकेशन एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहे, मधलं कुणी वाचू शकत नाही, पण ग्रुपमधला प्रत्येक जण पाहू शकतो. गावच्या ग्रुपवर बी-बियाण्याचा दुकानदार असतो, कधीकाळी जोडलेले अनोळखी नंबर असतात. घर रिकामं आहे आणि मंडळी परत यायला चार तास आहेत, हे त्या सगळ्यांना कळतं. सहलीपुरता वेगळा ग्रुप करावा: जाणारे आणि घरचे दोघे-तिघे, बस. रात्री उशिराच्या एसटीनं एकटी येणारी मुलगी असेल तर ग्रुपच नको, भावाला किंवा आईला एकट्यालाच पाठवावं.

बंद करायला तीन टिचक्या लागतात. त्या चॅटमध्ये आपल्याच लोकेशनखाली `Stop sharing` दाबा. कुठं कुठं चालू आहे ते आठवत नसेल तर `Settings`, मग `Privacy`, मग `Live location` उघडा. तिथं सगळी यादी दिसते आणि एकदम बंदही करता येतं. नुसता डेटा बंद केल्यानं शेअरिंग संपत नाही. मुदत शिल्लक असेल तर डेटा परत आल्यावर ठिपका पुन्हा चालू लागतो.

गुगल मॅप्समध्ये जास्त जपावं लागतं, कारण तिथं `Until you turn this off` असाही पर्याय आहे. सहलीला लावलेलं पोळ्यापर्यंत चालू राहू शकतं, आणि समोरच्याला जागेसोबत तुमच्या फोनची बॅटरी किती आहे तेही दिसतं. मॅप्समधल्या आपल्या फोटोवर दाबून `Location sharing` उघडा. तिथं ज्याचं नाव दिसेल त्यावर जाऊन `Stop`. ही यादी अधूनमधून पाहावी, विशेषतः फोन कुणी "सेटिंग करून देतो" म्हणून हातात घेतला असेल तर. नवऱ्यानं किंवा घरच्यांनी न विचारता लावून ठेवलेलं इथंच सापडतं.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. व्हॉट्सअ‍ॅपवर मुदत संपली तरी शेअरिंग सुरू केलं ती पहिली जागा छोट्या चित्रात चॅटमध्ये राहते. अंगणात उभं राहून सुरू केलं असेल तर ते तुमचं घर. म्हणून बसस्टँडवरून किंवा पायथ्याशी सुरू करावं, आणि संध्याकाळी तो मेसेज `Delete for everyone` करून टाकावा. हे लवकर करावं, कारण ती सोय काही काळच मिळते.

आणि खरंच कुणी पडलं असेल तर ठिपक्याच्या भरवशावर बसू नये. फोनवर `Emergency calls only` दिसत असेल तर आपल्या सिमचा टावर नसला तरी दुसऱ्या कंपनीचा आहे, आणि 112 त्यावरून लागू शकतो. फोन लागल्यावर किल्ल्याचं नाव, कुठल्या दरवाजानं आत गेलात आणि शेवटचं काय पाहिलं ते सांगा. नकाशा उघडून ठिपक्यावर बोट दाबून धरलं की आकड्यांत जागा मिळते, तीही वाचून दाखवा.